बेचाळीस, छप्पन्न, सत्तर

शोधनिबंधातल्या ‘साहित्य व पद्धती’ या भागात महाराष्ट्राची शेती जितकी सुखात नांदते तितकी ती दुसरीकडे कुठेही नांदत नाही. तिथे मोटार जळत नाही, डीपी उडत नाही, ठिबकच्या नळीला खार लागत नाही आणि उसाला ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी, ठरल्या मापाने पाणी ‘देण्यात येते’. कोण देतं, याचा उल्लेख नसतो. सोळा प्लॉट, बारा व्हॉल्व्ह, कित्येक महिन्यांचं पाणी, आणि सगळ्या प्रकरणात माणूस एकही नाही. दौंड किंवा शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्याने हे वाचलं तर तो पहिल्यांदा एवढंच विचारील, की हा गडी कुठला आणि आमच्याकडे येईल का.

हा भाग लिहायला बसलेला कृषी शाखेचा एखादा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. विषय आहे उसाच्या ठिबक सिंचनाचं वेळापत्रक, म्हणजे पाणी कधी आणि किती. प्रयोग संपला आहे, ऊस तुटून गेला आहे, आणि सरांनी सांगितलं आहे, “निकाल चांगलेत, आता पद्धतीची चार पानं लिहून टाक.” पद्धत प्रयोगाच्या आधी ठरते असा बाहेरच्यांचा समज असतो, आणि तो खरा आहे. फक्त ती लिहिली नंतर जाते, आणि लिहिताना हाताशी सगळ्यात जवळ असतो तो विभागाच्या कपाटातला मागच्या वर्षीचा प्रबंध. त्यामुळे जमीन दरवर्षी ‘मध्यम काळी, उत्तम निचऱ्याची’ असते, हवामान ‘अवर्षणप्रवण’ असतं आणि पाणी ‘सिंचनास योग्य’ असतं.

जागा तेवढी नव्याने लिहावी लागते. ती मोबाईलवरून उतरवून घेतात, अक्षांश-रेखांश दशांश चिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत. सहावा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण अकरा सेंटिमीटर. शेत कुठे आहे हे असं वीतभराच्या आत ठाऊक झालं, की त्या शेतातला ड्रीपर तासाला किती पाणी टाकतो ते कंपनीच्या पत्रकावरून उतरवतात : ४ लिटर.

या चार लिटरांवर पुढचा सगळा डोलारा उभा राहतो, तेव्हा हिशोब एकदा नीट करून बघायला हरकत नाही. दौंडच्या पट्ट्यातला सुरू ऊस घेऊ. दोन ओळींत पाच फूट, म्हणजे दीड मीटर. नळीवर दर ४० सेंटिमीटरला ड्रीपर. एका ड्रीपरच्या वाट्याला ०.६ चौरस मीटर जमीन आली. एप्रिलअखेरचा दिवस आहे आणि बाष्पीभवन पात्रातलं पाणी दिवसात १० मिलिमीटर उतरलं, असं धरू. उघड्या पात्रातून जितकं पाणी उडतं तितकं शेतातून उडत नाही, म्हणून त्याला ०.७ ने गुणायचं. उरले ७ मिलिमीटर. मग पिकाचा गुणांक. जागतिक अन्न व कृषी संघटनेची ५६ क्रमांकाची पुस्तिका १९९८ मध्ये निघाली आणि तेव्हापासून ती या धंद्याची पोथी आहे. तिच्यात उसाला सुरुवातीला ०.४ आणि भर वाढीत १.२५ असा गुणांक दिला आहे. आपला ऊस मधल्या वयाचा, म्हणून १ धरू. सात मिलिमीटर गुणिले ०.६ चौरस मीटर म्हणजे ड्रीपरमागे ४.२ लिटर. संचाची कार्यक्षमता ९० टक्के धरली की ४.६७ लिटर. तासाला चार लिटरच्या ड्रीपरने एवढं पाणी पडायला ७० मिनिटं लागतात.

प्रयोगात तीन पातळ्या असतात : पूर्ण गरजेइतकं पाणी, गरजेच्या ८० टक्के आणि ६० टक्के. म्हणजे सत्तर, छप्पन्न आणि बेचाळीस मिनिटं. चौथी पद्धत मोकळ्या पाटपाण्याची, तुलनेसाठी. सगळ्या प्रबंधाचा जीव या दोन वेळा आलेल्या चौदा मिनिटांत आहे. ऐंशी टक्के पाण्यात शंभर टक्क्यांइतकंच उत्पादन निघालं, की ‘वीस टक्के पाण्याची बचत’ असा निष्कर्ष छापता येतो. तो निघतोही पुष्कळदा. का निघतो, ते पुढे येईलच.

वेळापत्रक रोजचं, सकाळी सातचं. कागदावर.

शेतीच्या फीडरला थ्री फेज वीज चक्राकार येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. सौर फीडरची दिवसाची वीज जिथे पोचली आहे तिथले लोक सुखी. बाकीच्यांची मोटार रात्री चालते. शेतकऱ्यांनी यावर उपाय केव्हाच शोधला आहे. स्टार्टरला ‘ऑटो’ बसवायचा, म्हणजे वीज आली की मोटार आपली आपण चालू होते आणि गेली की बंद होते. महावितरण याच्या विरुद्ध आहे, कारण गावातल्या सगळ्या मोटारी एका क्षणी उठल्या की रोहित्र बसतं. पण ऑटो आहे म्हणून शेतकरी झोपू शकतो. विद्यार्थी झोपू शकत नाही, कारण ऑटोला बेचाळीस मिनिटं कळत नाहीत. रात्री सव्वाबाराला मोटार सुरू झाली तर बारा सत्तावन्नला कोणीतरी उसात जाऊन पहिले चार व्हॉल्व्ह बंद करायला हवेत, एक अकराला दुसरे चार आणि एक पंचवीसला उरलेले.

आणि शिरूर तालुक्यात रात्री एक वाजता उसात कोणी जात नाही. ही थट्टेची गोष्ट नाही. शिरूर, जुन्नर, आंबेगावच्या उसात बिबट्या वर्षानुवर्षं राहतो आहे, माणसं गेली आहेत, आणि दिवसा वीज द्या ही तिथली मागणी त्यातूनच आलेली आहे. तेव्हा रात्रीच्या पाळीत व्हॉल्व्ह बंद होतात ते उजाडल्यावर, किंवा मग त्या आठवड्यात पाणी दिलंच जात नाही आणि दिवसाची पाळी आली की तीन दिवसांचं एकदम दिलं जातं. प्रबंधात याची नोंद ‘दररोज’ अशी होते.

एकदम दिल्याने काय बिघडतं, हे जमिनीवर ठरतं. दौंडची भारी काळी माती पाणी धरून ठेवते. तिच्यातल्या उसाला एक दिवस चुकला काय नि दोन चुकले काय, त्याच्या पानाला पत्ता लागत नाही. शिरूरच्या मुरमाड माळावर कांदा असेल तर गोष्ट निराळी. कांद्याच्या मुळ्या उथळ, मुरमाला धारण नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशीच्या पाण्यातलं निम्मं मुळांच्या खाली निघून जातं आणि मधले दोन दिवस पात उन्हाला तोंड देते. एकूण लिटर दोन्हीकडे तेवढेच दाखवता येतात. म्हणून पद्धतीच्या भागात एकूण पाण्याबरोबर दोन पाळ्यांतलं प्रत्यक्ष अंतर लिहायचं असतं, आणि नेमकं तेच कपाटातल्या प्रबंधात नसतं.

व्हॉल्व्ह वेळेवर बंद झाले तरी एक गंमत उरते. बाराही व्हॉल्व्ह एकदम उघडे असताना मोटारीचं पाणी बारा ठिकाणी वाटलं जातं. बेचाळिसाव्या मिनिटाला चार बंद झाले की तेवढंच पाणी आठ ठिकाणी जायला बघतं, दाब वाढतो, आणि ऐंशी-शंभरवाल्यांचे ड्रीपर जास्त टाकू लागतात. पुढे आणखी चार बंद झाले की उरलेल्या चारांची चंगळ. दाब सांभाळणारे ड्रीपर घेतले किंवा जादा पाणी बायपासने परत विहिरीत सोडलं तर हे टळतं. सबमेनला दाबमापक बसवलं तर निदान दिसतं तरी. मीटरबिटर काही नसेल, तर शंभर टक्क्यांच्या प्लॉटला नक्की किती टक्के मिळाले हे परमेश्वराला ठाऊक. प्रबंधात त्याचाही संदर्भ देता येत नाही.

आता त्या पत्रकातल्या चार लिटरांकडे. साध्या ड्रीपरचा प्रवाह ढोबळमानाने दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. एक किलो दाबाला चार लिटर टाकणारा ड्रीपर ०.६४ किलो दाबाला ३.२ लिटर टाकतो. चाराचे ऐंशी टक्के किती, तर ३.२. म्हणजे नळीच्या शेवटाला दाब तिसऱ्या हिश्शाने उतरला, की तिथला ‘पूर्ण गरजेचा’ ऊस गुपचूप ‘ऐंशी टक्क्यां’च्या रांगेत जाऊन बसतो. त्याच्या पाटीवर शंभर लिहिलेलं असतं. उत्पादनात फरक न दिसण्याची बरीच कारणं या पाटीमागे सापडतात.

हे तपासायला अर्धा दिवस आणि सोळा पेले लागतात. चार नळ्या निवडायच्या : सबमेनवरची पहिली, शेवटची आणि मधल्या दोन. प्रत्येक नळीवर चार ठिकाणी ड्रीपरखाली उकरून पेला ठेवायचा आणि बरोबर तीन मिनिटं पाणी धरायचं. चार लिटरच्या ड्रीपरने तीन मिनिटांत २०० मिलिलिटर भरायला हवेत. समजा सोळांची सरासरी १८० आली, आणि सगळ्यात कमी भरलेल्या चार पेल्यांची सरासरी १३५. १३५ भागिले १८०, म्हणजे समानता ७५ टक्के. नव्वदच्या वर असेल तर उत्तम मानतात, सत्तरच्या खाली गेली तर संच दुरुस्तीला आला म्हणायचं. पंच्याहत्तर म्हणजे चालू आहे, बोलायला नको. केलर आणि कार्मेली यांनी १९७४ साली मांडलेली ही रीत इतकी सोपी आहे की तिचा निकाल बहुतेक वेळा ‘९० टक्क्यांहून अधिक’ असा न मोजताच लिहिता येतो.

या पंच्याहत्तरचा अर्थ मिनिटांत उतरवला की मौज कळते. १३५ मिलिलिटरवाला ड्रीपर तासाला २.७ लिटर टाकतो. सत्तर मिनिटांत त्याने दिले ३.१५ लिटर. तिकडे ऐंशी टक्क्यांच्या प्लॉटमध्ये विहिरीजवळचा एखादा ड्रीपर खरंच चार लिटरवाला निघाला. त्याने छप्पन्न मिनिटांत दिले ३.७३ लिटर. शंभरवाला उपाशी आणि ऐंशीवाला तृप्त. विद्यार्थी मात्र संगणकात तुलना करत बसलेला असतो ती शंभरची आणि ऐंशीची.

पेल्यांतून एक गोष्ट आणखी कळते. नळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत पेले क्रमाने रिकामे होत गेले असतील तर दोष दाबाचा : नळी लांब आहे किंवा मोटार थकली आहे. चांगल्या भरलेल्या दोन पेल्यांमध्येच एखादा कोरडा निघाला तर तो ड्रीपर तुंबला आहे. दौंडमध्ये तुंबायला कारणाची वाण नाही. पुणे शहर ओलांडून आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी जुन्या मुठा कालव्यात सोडलं जातं. त्या पाण्यातून येणारं खाद्य खाऊन नळीत शेवाळ-बुरशीचा चिकट थर छान पोसला जातो. सँड फिल्टर उलटा धुणं, नळ्यांची टोकं उघडून पाणी सोडणं, क्लोरीन देणं ही कामं दर थोड्या दिवसांनी करावीच लागतात. ज्या प्रबंधात पाणी ‘सिंचनास योग्य’ एवढंच लिहिलेलं असतं, त्यात क्षार आणि सामू मोजलेले असतात. पाण्यात तरंगणारा गाळ आणि जिवाणू मोजलेले नसतात. ड्रीपरला क्षारांइतकीच या दोघांची चिंता असते.

बाष्पीभवन पात्राचं प्रकरणही साधं नाही. ‘क्लास ए’ पात्र म्हणजे १२१ सेंटिमीटर व्यासाचं, हातभरापेक्षा कमी खोल असं धातूचं गोल भांडं, लाकडी चौकटीवर ठेवलेलं. एप्रिलमध्ये आसपास दुसरं पाणी नसलं की कावळे आंघोळीला येतात, कुत्री तोंड घालतात आणि एखादी शेळी दहा मिलिमीटरचं बाष्पीभवन एका दमात करून जाते. म्हणून आपल्याकडे पात्रावर तारेची जाळी घालतात. जाळीने सावली पडते, वारा अडतो आणि बाष्पीभवन दहा टक्क्यांपर्यंत घटू शकतं. तेव्हा जाळी होती की नव्हती हे लिहिणं भाग आहे. दहा टक्के म्हणजे सत्तरातली सात मिनिटं. दोन पातळ्यांमधल्या चौदांच्या निम्मी.

पात्र शेतातच असेल तरची ही गोष्ट. बहुधा ते ‘नजीकच्या वेधशाळेत’ असतं, आणि नजीक हा शब्द प्रबंधात तालुका ओलांडून सहज जातो. उसाच्या हिरव्यागार पट्ट्यात ठेवलेलं पात्र आणि शिरूरच्या उघड्या माळावर ठेवलेलं पात्र एकाच दिवशी वेगळं बोलतात; माळावर कोरडा, तापलेला वारा थेट लागतो. ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत पात्र कशाने वेढलेलं आहे, वारा किती, आर्द्रता किती यावरून गुणांक निवडायची कोष्टकं आहेत. ती उघडायचे कष्ट कोणी घेत नाही, कारण ०.७ हा आकडा पाठ असतो.

आणि मग वळीव येतो. मे महिन्यात एका संध्याकाळी आभाळ काळं होतं, पत्रे उडतात, आणि ३५ मिलिमीटर पडून जातात. सात मिलिमीटरच्या हिशोबाने हे पाच दिवसांचं पूर्ण पाणी झालं, आणि ते कोणत्या प्लॉटची कोणती पातळी हे न विचारता साठ टक्केवाल्यालाही शंभर टक्केच मिळालं. हे पाणी वजा कसं केलं, किती ‘उपयुक्त’ धरलं, वळवानंतर ठिबक किती दिवस बंद ठेवलं, हे लिहिल्याशिवाय पाण्याचा ताळेबंद जुळत नाही. लिहिलं तर साठ आणि शंभर यांच्यातलं अंतर कागदावरही आकसतं. विद्यार्थ्याचा जीव वर-खाली होतो तो इथे.

सगळ्यात मोठा अन्याय होतो तो तुलनेसाठी ठेवलेल्या पाटपाण्याच्या प्लॉटवर. त्याचं वेळापत्रक असं असतं, की पात्रातलं एकूण बाष्पीभवन ७५ मिलिमीटरला पोचलं की एक पाणी द्यायचं. एप्रिलमध्ये ते सात-आठ दिवसांनी पोचतं. आता दौंडचा कालव्यावरचा शेतकरी सात-आठ दिवसांनी पाणी देईल कुठून? नव्या मुठा उजव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार हे पात्र ठरवत नाही; ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि त्या बैठकीत खडकवासल्याच्या पाण्यावर पुणे शहराचाही डोळा असतो. आवर्तन आलं की शेतकरी सरी तुडुंब भरून घेतो, कारण पुढचं कधी येईल याचा भरवसा नसतो. त्याला पाणी उधळणारा म्हणतात. हातात येईल तेव्हा साठवून घेणारा म्हटलं तर जास्त खरं होईल, कारण काळी जमीन हीच त्याची टाकी आहे. प्रबंधातली ‘पारंपरिक पद्धत’ ही अशी कोणाचीच परंपरा नसते. ती प्रयोगशील, वेळेवर पाणी मिळणाऱ्या आणि तरीही निष्काळजी अशा एका काल्पनिक शेतकऱ्याची असते, आणि ठिबकची बचत त्याच्याशी तुलना करून काढतात. तो बिचारा सोळापैकी चार प्लॉट घेऊन नेमाने हरतो.

प्लॉटांची मांडणी हे अजून एक प्रकरण. सर रोनाल्ड फिशर यांनी रोथॅमस्टेडच्या शेतांवर बसून सांगितलं, की कोणत्या तुकड्याला कोणती पद्धत द्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, म्हणजे जमिनीचा कमी-जास्तपणा कुणा एकाच्या पथ्यावर पडणार नाही. चिठ्ठ्या टाकणं सोपं आहे, पण ठिबकमध्ये प्रत्येक चिठ्ठीमागे एक व्हॉल्व्ह आणि सबमेनचा एक फाटा लागतो. म्हणून होतं काय, की शेतकऱ्याच्या रानात विहिरीकडून तीन सलग पट्टे पाडतात : शंभर, ऐंशी, साठ. मग प्रत्येक पट्ट्यात चार ठिकाणी ऊस मोजून ‘चार पुनरावृत्त्या’ म्हणतात. पुनरावृत्ती एकच आहे, मोजलं चारदा आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या प्रकाराला स्यूडोरेप्लिकेशन असं नाव देऊन बऱ्याच जणांची झोप उडवली. आपल्याकडे झोप उडायचं कारण नाही, कारण परिच्छेदाचं शेवटचं वाक्य सगळं सांभाळून घेतं : ‘सांख्यिकी विश्लेषण पानसे व सुखात्मे यांच्या पद्धतीनुसार करण्यात आले.’

विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. लंडनला शिकले, पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख होते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये काढलेलं त्यांचं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ हे पुस्तक भारतातल्या शेतीच्या प्रबंधांत इतकं उद्धृत झालं आहे, की या दोन नावांशिवाय पद्धतीचा भाग संपला असं विद्यार्थ्याला वाटतच नाही. ज्यांनी ते उघडून वाचलं त्यांना हेही दिसलं असेल, की पुस्तकाला पट्टे आणि चिठ्ठ्या यांतला फरक चांगला कळतो.

तर आपला विद्यार्थी. त्याने एक चूक केली होती, म्हणजे सरांच्या मते चूक : मोटारीजवळ एक शंभर पानी वही टांगून ठेवली होती, आणि शेताच्या मालकांनी, ज्यांना तो काका म्हणे, ती भरली होती. मोटार चालू केव्हा, बंद केव्हा, वीज गेली केव्हा. शिवाय दर पातळीच्या नळीवर एकेक वॉटर मीटर होतं. लिहायला बसल्यावर वही आणि वेळापत्रक एकमेकांसमोर ठेवली, तर दोघांची ओळख पटेना. पहिल्यांदा त्याने वेळापत्रक लिहिलं. मग ते तसंच ठेवून खाली लिहिलं :

‘पाणी दररोज द्यायचे ठरले होते. वीजपुरवठा रात्रीचा असलेल्या आठवड्यांत ते दोन ते तीन दिवसांनी देण्यात आले. ड्रीपरचा प्रवाह पत्रकानुसार ४ लिटर, प्रत्यक्ष सरासरी ३.६ लिटर व समानता ७५ टक्के आढळली. त्यामुळे तक्त्यात नियोजित पाण्याऐवजी मीटरवरचे पाणी दिले आहे. वळवानंतर पाच दिवस ठिबक बंद होते. प्लॉट क्रमांक ७ मधील नळी खारीने कुरतडल्यामुळे त्या प्लॉटला तीन दिवस मोजमापाबाहेरचे पाणी मिळाले; विश्लेषणातून तो वगळला आहे. पाणी शेतमालक व त्यांचे बंधू यांनी दिले.’

सरांनी लाल पेन काढलं. विजेचं वाक्य राहू दिलं, कारण ते खोडायचं तर तक्ता बदलावा लागला असता. समानतेच्या पंच्याहत्तरवर पेन बराच वेळ फिरलं आणि शेवटी पुढे सरकलं. बंधूंना आभारप्रदर्शनात पाठवलं. “आणि ही खार इथे कशाला? पद्धतीत खार नसते,” असं म्हणून खार चर्चेच्या भागात नेऊन बसवली.

निबंध परीक्षकांकडे गेला. पहिल्या परीक्षकाने विचारलं, की रोजच्या वेळापत्रकाचा प्रयोग रोज न केल्याचं कारण काय. पुढच्या वेळी लेखकांनी वीज असलेली जागा निवडावी. दुसऱ्याला पद्धत पसंत पडली. त्याची हरकत एवढीच होती, की चर्चेत उल्लेखलेल्या खारीचं शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत दिलेलं नाही.